वाळलेलं लॉन आणि गायब झालेली कचरापेटी

घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की जाहिरातीत सर्वांत वर बाहेरून काढलेला फोटो लागतो. हा फोटो संपादनासाठी माझ्याकडे येतो तेव्हा सोबतची सूचना बहुतेक वेळा एकाच ओळीची असते : ‘लॉन हिरवं करा आणि समोरचा पसारा काढा.’ सूचना देणाऱ्याच्या मनात ही दोन्ही कामं सारखीच किरकोळ असतात. चर्चेत मात्र लोक त्यांच्यात फरक करतात. वाळलेलं गवत हिरवं दाखवणं म्हणजे फसवणूक, आणि कचरापेटी, सायकल, पाण्याचा पाइप फोटोतून काढणं म्हणजे नुसती आवराआवर, असा साधारण समज आहे.

माझं मत थोडं वेगळं आहे. लॉन हिरवं करणं चूकच, पण लोक देतात त्या कारणासाठी नव्हे. आणि आवराआवर निरुपद्रवी मुळीच नाही. उलट घर घेणाऱ्याचं खरं नुकसान करण्याची ताकद तिच्यात जास्त आहे.

आधी लॉन. गवत तपकिरी दिसलं की बघणारा समजतो, ते मेलं. पुष्कळदा ते मेलेलं नसतं. थंड हवामानातल्या लॉनमध्ये लावतात ती ब्लूग्राससारखी गवतं कडक उन्हाळ्यात पाणी तुटलं की वाढ थांबवतात, पाती वाळू देतात आणि जमिनीलगतचा गड्डा तेवढा जिवंत ठेवतात. अशा सुप्तावस्थेत ती काही आठवडे सहज काढतात. उष्ण हवामानातल्या हरळीचं याच्या उलट. तिला उन्हाळा मानवतो, पण थंडी पडली की ती पिवळी-तपकिरी होते आणि ऊब परतली की पुन्हा फुटते. गवत मेलंय की झोपलंय हे ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे मूठभर पाती धरून ओढणं. सुप्त गवत मुळाशी घट्ट असतं, मेलेलं अलगद हातात येतं.

लॉन हिरवं करून मागणाऱ्यांचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. ते म्हणतात, ‘गवत जिवंत आहे, पाऊस पडला की हिरवं होणारच आहे, मग आम्ही खोटं काय दाखवलं? पुढच्या महिन्यातलं चित्र आज दाखवलं, एवढंच.’ सबंध लॉन एकसारखं वाळलेलं असेल तर या बोलण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. रंग हा हंगामाचा प्रश्न आहे आणि हंगामामुळे घराची किंमत बदलू नये.

अडचण अशी, की लॉन एकसारखं वाळतं असं क्वचितच होतं. ते ठिकठिकाणी वेगळं वाळतं आणि कुठे कसं वाळलंय यातच खरी माहिती असते. समजा, कोरड्या दिवसांत सगळं लॉन तपकिरी आहे आणि मधूनच समांतर हिरवे पट्टे गेलेले आहेत. घरामागे सेप्टिक टँक असेल, तर बहुधा हे पट्टे टाकीतून निघणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या नळ्यांवरचे असतात. पट्टे हलकेसे हिरवे असतील तर काळजी नाही. पण तिथलं गवत दाट, गर्द आणि जमीन पायाखाली दबणारी असेल, तर पाणी खाली जिरण्याऐवजी वर येतंय, असा संशय घ्यायला हवा, आणि ती दुरुस्ती किरकोळ नसते. याउलट वाळलेला नीट चौकोन दिसला तर खाली टाकीचं झाकण असू शकतं. तिथे मातीचा थर पातळ असल्यामुळे गवत सर्वांत आधी वाळतं. घराकडे येणाऱ्या पाण्याच्या जोडणीच्या रेषेत एखादाच हिरवा ठिपका टिकून असेल, तर जमिनीखालची गळती शोधावी लागते. कडा वेड्यावाकड्या असलेले तपकिरी चट्टे पडले असतील आणि तिथलं गवत चटईसारखं उचललं जात असेल, तर खाली हुमणीने मुळं खाल्लेली असतात. अशा गवताला पाऊस पडूनही काही उपयोग नाही.

आता त्या एका ओळीच्या सूचनेने काय होतं ते पाहा. संपादक सगळं लॉन एका हिरव्या रंगावर आणतो. सुप्त गवत, मेलेलं गवत, हुमणीचा चट्टा, टाकीवरचा चौकोन, गळतीचा ठिपका, सगळं एकाच पातळीवर येतं. ‘पाऊस पडला की होणारच आहे’ हा युक्तिवाद यांतल्या पहिल्या प्रकारालाच लागू होतो, आणि फोटो मात्र पाचही प्रकारांना सारखाच पुसतो. माझा आक्षेप आहे तो या पुसण्यावर. तपकिरी रंग हिरवा झाला याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. तपकिरी रंगातले फरक गेले याचं वाटतं.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा नीट उलगडणार नाही. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडायचं, त्यातला Yellows हा भाग निवडायचा आणि रंगछटा हिरव्याकडे सरकवायची. Greens न निवडता Yellows का निवडायचं, असा प्रश्न नवख्यांना पडतो. डोळ्यांना गर्द हिरवं वाटणारं गवतही कॅमेऱ्याच्या लेखी पिवळ्याच्या बरंच जवळ असतं, हे त्याचं कारण. रंगचक्रावर शुद्ध पिवळा 60 अंशांवर आणि शुद्ध हिरवा 120 अंशांवर असतो. फोटोतलं जिवंत गवत साधारण 70 ते 90 च्या दरम्यान सापडतं, तर वाळलेलं 40 च्या आसपास. नवखा माणूस ‘हिरवं म्हणजे 120’ असं धरून चालतो, आणि मग लॉनऐवजी टेबल टेनिसचं टेबल दिसायला लागतं.

छटा बरोबर धरली तरी काम फसतं, आणि ते फसण्याचं कारण गंमतीचं आहे. वाळलेलं गवत जिवंत गवतापेक्षा बरंच उजळ असतं. जिवंत पातं लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ते मुळात गडद असतं. वाळलेल्या पात्यात हरितद्रव्य उरलेलं नसतं, त्यामुळे ते बराचसा प्रकाश परत फेकतं. उजेड तसाच ठेवून नुसता रंग बदलला की पुदिन्याच्या गोळीसारखा फिकट, दुधी हिरवा रंग येतो. हे टाळायचं तर लॉनचा उजेडही खाली आणावा लागतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही, कारण सावल्या आधीच गडद असतात. त्यात वाळलेली पाती आडवी पडलेली असतात आणि मधून माती दिसत असते. मातीवर हिरवा रंग चढवला की ती शेवाळासारखी दिसते. म्हणून चांगला संपादक तिथे दुसरीकडचं गवत आणून बसवतो.

या शेवटच्या पायरीवर काम रंगाचं राहत नाही. ज्या जागी माती होती तिथे आता गवताचा फोटो आहे. मागणी मात्र अजून तीच असते : ‘जरासं हिरवं करा.’

बिघडलेलं काम ओळखू येतं. कुंपणाच्या खांबांना आणि झाडाच्या बुंध्याला हिरवी किनार लागते. शेजारचं लॉन तपकिरी राहतं आणि हद्दीवर आखल्यासारखी रेघ उमटते. झाड निष्पर्ण आणि पायाखाली भर पावसाळ्यातलं गवत, असा ऋतूंचा घोटाळा होतो. जिवंत लॉनवरून उन्हाची हिरवट झाक पांढऱ्या भिंतीच्या तळाशी पडते. रंगवलेल्या लॉनसमोरची भिंत मात्र वाळलेल्या गवताचा पिवळसर उजेड घेऊन उभी असते. पण या खुणा वाचकाला शिकवून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. त्या वाईट कामाच्या खुणा आहेत, आणि कामाचा दर्जा सुधारत चालला आहे. घर घेणाऱ्याने भिंतीच्या तळाची झाक तपासत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता पसाऱ्याकडे वळू.

एक नमुन्याचा फोटो डोळ्यांसमोर आणू. बैठं घर, डाव्या भिंतीला टेकून दोन कचरापेट्या, पायरीजवळ गुंडाळून ठेवलेला पाइप, गवतावर मुलाची सायकल, गाडीवाटेवर उभी गाडी आणि वरून तिरकी गेलेली विजेची तार. मालकाची मागणी अशी, की तार सोडून बाकी सगळं काढा. तार काढू नये एवढं त्याला समजतं, कारण तार घराबरोबर राहणार आहे. बाकीच्या वस्तू तो जाताना नेणार. या क्षेत्रात मानली जाणारी कसोटी नेमकी हीच आहे : विकणाऱ्याबरोबर जाणारं काढायला हरकत नाही, घराबरोबर राहणारं काढू नये. दिसायला कसोटी निर्दोष आहे. मीही बरीच वर्षं तिच्यावर समाधानी होतो.

या कसोटीत एक भोक आहे. कचरापेटी विकणाऱ्याबरोबर जाईल, पण कचरापेटीमागची भिंत घराबरोबर राहील. ती भिंत फोटोत नाहीच. पेटी हातांनी बाजूला सरकवून फोटो काढला तर कॅमेरा मागची खरी भिंत टिपतो. पेटी संगणकावर पुसली तर मागे भोक पडतं आणि ते भोक भरावं लागतं. भरायला वापरतात ती आजूबाजूची भिंत, किंवा सॉफ्टवेअरने आजूबाजूचं पाहून रचलेली भिंत. दोन्ही प्रकारांत ती स्वच्छ, सरळ आणि कोरडी निघते, कारण आजूबाजूची भिंत तशी असते. प्रत्यक्षात पेटीमागे जोत्यालगत ओल चढून रंगाचे पोपडे सुटलेले असू शकतात. पेट्या तिथे ठेवण्याचं ते एक कारणही असू शकतं. मालकाला ते माहीत असेल किंवा नसेलही. संपादकाला तर माहीत असण्याची सोयच नाही. तो त्या घराच्या आसपासही फिरकलेला नसतो. कोणीही जाणूनबुजून खोटं बोललं नाही आणि तरीही जाहिरातीत एक कोरडी भिंत छापली गेली, जी कोणी पाहिलेली नाही.

गाडीचं तर विचारूच नका. फोटोतली गाडी पुसायची म्हणजे गाडीवाटेचा मोठा तुकडा मनाने रचायचा. गाडी रोज जिथे उभी राहते नेमकी तिथेच काँक्रीटवर तेलाचे डाग असतात आणि चाकांच्या जागी फरशी खचलेली असते. पुसल्यावर तिथे नवंकोरं काँक्रीट येतं. गवतावरची सायकल त्यातल्या त्यात सौम्य. तिच्याखाली फार तर पिवळं पडलेलं गवत असेल. पाइपचंही तसंच, पण पाइपच्या टोकाशी भिंतीतला नळ असतो, आणि घाईत पाइपबरोबर नळही पुसला जातो. असं झालेलं मी पाहिलं आहे. पुसलेला नळ ही जरा विनोदी चूक, पण बाहेर नळ आहे की नाही हे घर घेणाऱ्याला हवं असतं.

म्हणून मी कसोटी बदलून घेतली. वस्तू कोणाबरोबर जाणार हे बघण्याआधी, तिच्यामागचं कोणी पाहिलंय का, हा प्रश्न विचारतो. मागचा भाग दुसऱ्या चौकटीत प्रत्यक्ष टिपलेला असेल, तर पुसायला माझी हरकत नाही. टिपलेला नसेल तर ती वस्तू फोटोत राहू द्यावी. कचरापेटी दिसल्याने घर विकलं जात नाही असं मी तरी ऐकलेलं नाही.

हीच कसोटी लॉनला लावली तर तिथलाही गुंता सुटतो. मातीच्या जागी गवत बसवणं म्हणजे कोणी न पाहिलेलं दाखवणं. उलट कॅमेऱ्याने ढगाळ उजेडात लॉन निळसर-करडं टिपलं असेल आणि ते प्रत्यक्षात दिसणाऱ्या रंगावर आणलं, तर ती प्रामाणिक दुरुस्ती आहे. वाळलेल्या मोठ्या लॉनच्या फोटोत स्वयंचलित वर्णसंतुलन बऱ्याचदा चुकतं. चौकटीत पिवळा फार आहे असं समजून कॅमेरा सगळंच निळ्याकडे ढकलतो. पहिल्या चौकटीत करड्या रंगाचं कार्ड धरून ते नंतर बरोबर करता येतं. असं केल्यावर वाळलेलं गवत वाळलेलंच दिसतं, पण राखेसारखं न दिसता पेंढ्यासारखं सोनेरी दिसतं. हा फरक पुष्कळ मोठा आहे आणि त्यात खोटं काही नाही.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा : ‘घेणारा शेवटी घर बघायला येतोच ना? लॉन तपकिरी आहे हे त्याला फाटकातच दिसेल. मग फसला कोण?’ दुरून डोंगर साजरे, जवळ आल्यावर कळेलच, असा हा हिशेब. मला तो पटत नाही, कारण बघायला येण्याची निवडच फोटोवरून होते. एका दिवसात चार घरं बघता येत असतील तर ती चार कोणती, हे फोटो ठरवतो. ज्याने खरं तपकिरी लॉन दाखवलं तो त्या चारांतून बाहेर पडला, आणि त्याचं घर कदाचित बरं होतं. म्हणजे यात घेणाऱ्याच्या आधी प्रामाणिक विकणारा फसतो. पुढच्या वेळी तोही ‘हिरवं करा’ म्हणून सांगतो. शिवाय भाड्याचं घर लांबच्या गावातून फोटोवरच ठरवणारे लोक असतात. ते सामान घेऊन थेट दाराशी येतात आणि फाटकात दिसून त्यांना काही उपयोग नसतो. पेटीमागच्या ओलीच्या बाबतीत तर हा प्रतिवाद अगदीच लंगडा पडतो. बघायला आलेल्या माणसासमोर पेटी पुन्हा जागेवर असते. घरी परतल्यावर तो फोटो उघडतो, त्यात भिंत स्वच्छ असते, आणि ‘ती बाजू आपण पाहिलीच आहे’ असं त्याला वाटतं.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे. मालक घर आवरतो, कुंड्या मांडतो, भिंतीला रंग काढतो. तीही सजावटच, मग संगणकावरच्या सजावटीवर एवढा राग का? एवढंच काय, गवतही खरोखर रंगवता येतं. गोल्फची मैदानं आणि खेळाची मैदानं सुप्त हंगामात हिरव्या रंगद्रव्याने फवारण्याची पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियात 2014-15 च्या दुष्काळात घरासमोरची लॉन फवारून देण्याचा धंदा जोरात चालला होता. 2015 च्या एप्रिलमध्ये तिथल्या गव्हर्नरने शहरी पाणीवापर 25 टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश काढला होता आणि पाणी न घालता हिरवं दिसायचा तो एक मार्ग होता. रंगवलेल्या लॉनचा फोटो काढला तर फोटो खराच की!

खराच. आणि मी तो फोटो चालवून घेईन. रंग फवारायला माणूस त्या लॉनवरून चालतो. उघड्या मातीवर फवारलेला रंग मातीसारखाच दिसतो, गवतासारखा नाही. दबणारी जमीन दबतेच. वास्तवात केलेली सजावट वास्तवाच्या अटी पाळते. भिंतीला रंग काढणाऱ्याला ओल दिसते, मग ती लपवायची की सांगायची हे तो ठरवतो, आणि लपवली तर त्याला जबाबदार धरता येतं. संगणकावर पुसणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून जबाबदारीही कोणाकडे जात नाही. माझा सगळा विरोध त्या बेवारशी जबाबदारीला आहे.

कायदा कुठे पोचला आहे? सर्वांत स्पष्ट पाऊल पुन्हा कॅलिफोर्नियानेच टाकलं. 1 जानेवारी 2026 पासून तिथे घरविक्रीच्या जाहिरातीत संगणकावर बदललेला फोटो वापरला, तर तसं ठळकपणे सांगावं लागतं आणि मूळ फोटो पाहण्याची सोय करावी लागते. कायद्याच्या व्याख्येत घटक वाढवणं, काढणं आणि बदलणं हे तिन्ही आहे. घराभोवतीची हिरवळ, दर्शनी बाजू, विजेचे खांब, खिडकीतून दिसणारा देखावा, शेजारची घरं यांची नावं त्यात स्पष्ट घेतलेली आहेत. उजेड, वर्णसंतुलन, तिरका फोटो सरळ करणं, कडा कापणं अशा नेहमीच्या दुरुस्त्या वगळल्या आहेत, अर्थात त्यांनी घराचं चित्रण बदलत नसेल तर. मला या कायद्यातली सूचनेची पाटी तितकी आवडत नाही, मूळ फोटो आवडतो. पाट्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. सगळ्याच फोटोंवर पाटी आली की ती कोणी वाचत नाही, आणि फोटो एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे टाकला की पाटी मागे राहते. मूळ फोटो शेजारी असला तर घेणारा दोन मिनिटांत दोन्ही ताडून बघतो. पेट्या होत्या, त्यांच्यामागचं आपल्याला दाखवलेलं नाही, तिथे जाऊन बघायचं, एवढं त्याला कळलं तरी पुरे.

तरी एक गोष्ट तिथेही सुटली, असं मला वाटतं. बदल सांगितला की झालं, असा या नियमाचा भाव आहे. पेटी पुसणारा आणि पेटीमागे भिंत रचणारा यांच्यात तो फरक करत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी पुढचं वाक्य घालायला हवं : काढलेल्या वस्तूच्या जागी जे दिसतं ते त्याच जागेच्या दुसऱ्या छायाचित्रातून आलेलं असलं पाहिजे. हे पाळणं अवघड नाही, आणि हे मी काम करणारा माणूस म्हणून सांगतो.

कॅमेरा तिपाईवर पक्का करायचा. फोकस आणि उजेडाची मापं हाताने ठरवून तशीच ठेवायची. पहिली चौकट आहे तशी घ्यायची. मग पेट्या डावीकडून उजवीकडे न्यायच्या, सायकल आत टाकायची, गाडी पहिल्या जागेवरून पूर्ण बाजूला घ्यायची, आणि कॅमेऱ्याला धक्का न लावता दुसरी चौकट घ्यायची. दोन्ही चौकटी एकमेकींवर ठेवल्या की पेट्यांमागची खरी भिंत आणि गाडीखालचं खरं काँक्रीट हाती असतं. पेट्या पूर्णपणे नजरेआड न्यायला जागा नसली तरी चालतं, पहिल्या चौकटीत जिथे होत्या तिथून हलल्या म्हणजे झालं. दोन चौकटींमध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही, नाहीतर सावल्या सरकतात आणि जोड दिसतो. अर्थात पेट्या हलवायच्याच आहेत, तर त्या सरळ दृष्टीआड करून एकच फोटो का काढू नये? काढावाच. हातांनी आवरणं संगणकावर आवरण्यापेक्षा बहुतेक वेळा लवकर होतं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. तरीही पुसण्याची मागणी येते, कारण फोटो काढणारा घाईत असतो आणि पुसणारा दुसरीकडे बसलेला असतो.

लॉनसाठीही मार्ग आहेत. मालकाकडे त्याच लॉनचा हिरव्या हंगामातला जुना फोटो असेल, तर तो तारखेसह आजच्या फोटोशेजारी लावावा. ‘पाऊस पडला की हिरवं होतं’ या दाव्याला याहून चांगला पुरावा नाही, आणि हुमणीने खाल्लेल्या लॉनचा मालक तो लावायच्या आधी थोडा विचार करेल. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरून कमरेच्या उंचीवर आणला तर चौकटीतलं लॉन अरुंद होतं आणि घर पुढे येतं. ही युक्ती झाली, मान्य. पण प्रत्येक फोटोला कुठल्या ना कुठल्या उंचीवरून काढावंच लागतं, आणि अरुंद दिसणाऱ्या लॉनवरही टाकीचा चौकोन असेल तर तो दिसतो.

राहता राहिली आमच्यासारख्यांची नेहमीची अडचण : आपण नाही म्हटलं तर काम दुसरा करेल. करेलच. मी नाही म्हणत नाही, मी दुसरी चौकट मागतो. ती मिळाली तर पसारा निघतो. मिळाली नाही तर पेट्या राहतात आणि मी तसं लिहून कळवतो. आणि लॉनबद्दल एकच प्रश्न विचारतो : गवत मेलंय की झोपलंय, ओढून बघितलं का? उत्तर बहुधा येत नाही. कधी येतं तेव्हा फोटोऐवजी माळ्याला बोलावल्याचं कळतं.